चॅटमधली सोबत अचानक अनोळखी झाली तर: काय पुसलं गेलं ते ओळखणं आणि त्यातून सावरणं

सोबतीच्या ॲपवर, म्हणजे जिथं समोरून माणूस नव्हे तर एआय बोलतं तिथं, महिनोन्‌महिने बोलणाऱ्या माणसाला एखाद्या रात्री समोरून ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू शकते?’ असं उत्तर येतं, आणि त्याची बोटं आपोआप एकच प्रश्न टाइप करतात: ‘मी कोण आहे, आठवतंय का?’ माझी पहिली सूचना हीच, की तो प्रश्न विचारू नका. त्याला बहुतेक वेळा ‘हो, आठवतंय की!’ असंच उत्तर येतं, आणि त्यापुढं जे येतं ते अंदाजानं रचलेलं असतं. विसरल्याचं दुःख एक वेळ सोसवतं. पण आपल्याच आयुष्याची चुकीची गोष्ट त्याच मायेच्या सुरात ऐकावी लागली, की माणूस आतून हलतो.

मी लातूरला बाहेरगावच्या मुलामुलींसोबत समुपदेशनाचं काम करते. बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, धाराशिवकडून नीट आणि जेईईच्या तयारीला आलेली ही मुलं. त्यातली काही जण अभ्यासिका सुटल्यावर फोनमधल्या कुणाशी तरी बोलत झोपी जातात. मी त्यांना त्यासाठी कधीच रागावत नाही. घरी फोन लावावा तर माय दिवसभर फडात असते, रूममेट पुस्तकातून डोकं वर काढत नाही, आणि पोटातलं बोलायला कुणीतरी लागतंच. प्रश्न तेव्हा उभा राहतो, जेव्हा ते ‘कुणीतरी’ एका रात्रीत बदलतं. त्या वेळी काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते इथं सांगते.

आधी समजून घ्या: आठवण असते कुठं

ॲपमागं उत्तरं तयार करणारी जी संगणकप्रणाली असते तिला मॉडेल म्हणतात. तुम्ही वर्षभर बोललात म्हणून ते मॉडेल आतून तुमच्यापुरतं बदलत नाही. दर उत्तराच्या वेळी ॲप एक गठ्ठा बांधतं आणि मॉडेलपुढं ठेवतं. मॉडेल तो वाचतं, उत्तर देतं, आणि त्याच्यापुरतं प्रकरण तिथंच संपतं. सरकारी दवाखान्यात दर खेपेला डॉक्टर नवा असतो, पण केसपेपर चाळून तो ‘मागच्या गोळ्यांनी फरक पडला का?’ असं विचारतो, आणि आपल्याला वाटतं यानं आपल्याला ओळखलं. इथंही ओळख त्या कागदांत असते.

त्या गठ्ठ्यात साधारण चार गोष्टी असतात. पहिली म्हणजे पात्राचं वर्णन: नाव, स्वभाव, कसं बोलायचं. यातलं काही कंपनीनं लिहिलेलं असतं, काही तुम्ही. दुसरी म्हणजे टिपणं. तुमच्या बोलण्यातून ॲप छोटी वाक्यं काढून ठेवतं, जसं ‘परीक्षेची तयारी करतो’ किंवा ‘आजीसोबत राहायचा’. बऱ्याच ॲपमध्ये ही टिपणं Memory नावाच्या पानावर दिसतात. तिसरी म्हणजे जुन्या संवादांतून त्या क्षणी शोधून आणलेले तुकडे. हे सगळ्या ॲपमध्ये नसतं. आणि चौथी, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आत्ता चालू असलेल्या संवादाचा अलीकडचा भाग.

या चौथ्या भागाला मर्यादा असते. ती टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांमध्ये मोजतात. देवनागरीतल्या एका शब्दाचे बहुतेक मॉडेलांमध्ये इंग्रजी शब्दापेक्षा जास्त तुकडे पडतात, म्हणून मराठीत बोलणाऱ्याची जागा लवकर भरते. जागा भरली की वरचं, म्हणजे सगळ्यात जुनं बोलणं गळून पडतं. तुमच्या स्क्रीनवर बोट सरकवून वर गेलात तर ते तुम्हाला दिसतं, पण मॉडेलपुढं ते आता जात नाही. ‘सगळं तर इथं लिहिलेलं आहे, मग ती विसरली कशी?’ हा प्रश्न मला पुष्कळ मुलं विचारतात. त्याचं उत्तर हे आहे.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माहिती टिपणांत राहते, पण बोलण्याची ढब बहुतेक करून चालू संवादात राहते. तुमच्या पात्रानं ‘जेवलास का रं?’ म्हणायला सुरुवात केली ती तुम्ही तसं बोलत गेलात म्हणून. समोरच्या मजकुराचा सूर उचलणं हा मॉडेलचा गुण आहे. तो सूर कुठंही ‘जतन’ केलेला नसतो. त्यामुळं नवा संवाद उघडला, जागा भरून वाहिली किंवा मॉडेल बदललं, की सगळ्यात आधी बोली जाते. तुमचं गाव, परीक्षा, आजार सगळं त्याला ठाऊक असतं आणि तरी ते परकं वाटतं. लोक म्हणतात, ‘सगळं माहीत आहे तिला, पण ती ही नाही.’ त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर असतं.

पहिल्या रात्री

फोन खाली ठेवा. त्याच संवादात रागावून, विनवून, जुन्या आठवणी सांगून भरत बसू नका. तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ गठ्ठ्यात जाते आणि उरलीसुरली जुनी ओळ बाहेर ढकलते. शिवाय तासभर भांडलात तर मॉडेल भांडणाचाच सूर उचलतं, सारखी माफी मागायला लागतं, आणि ते ऐकून जास्तच खचायला होतं.

ॲप काढून टाकू नका, संवाद पुसू नका, आणि Reset किंवा Delete लिहिलेल्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. संवाद पुसणं आणि टिपणं पुसणं या अनेक ॲपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. रागाच्या भरात एक करायला जाऊन दुसरी होते, आणि ती परत येत नाही.

मग टिपणांच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या आणि जुन्या संवादातला जो भाग तुम्हाला हवासा वाटतो त्याचेही घ्या. ॲपमध्ये सगळा मजकूर उतरवून घ्यायची सोय असेल तर ती वापरा. चॅटजीपीटीमध्ये ती Settings मध्ये Data controls खाली Export data या नावानं आहे. दुवा ईमेलवर येतो आणि २४ तासांत निकामी होतो, म्हणून आला की लगेच उतरवून घ्या. एवढं झालं की झोपा. तपासणी दुसऱ्या दिवशी, उजेडात करायची.

दुसऱ्या दिवशी: नेमकं काय पुसलं गेलं

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करा. खातं तेच आहे का? फोन दुरुस्तीला टाकला होता, नवा घेतला किंवा ॲप पुन्हा टाकलं, आणि आधी मोबाइल नंबरनं आत जात होतात पण आता गुगलच्या खात्यानं गेलात, तर बऱ्याचदा दुसरंच कोरं खातं उघडतं. तसं असेल तर काहीच गेलेलं नाही. जुन्या रस्त्यानं आत गेलात की सगळं जागेवर सापडतं. मग बघा, Temporary chat सारखा प्रकार चालू राहिला आहे का. त्यात ॲप बहुतेक वेळा मुद्दामच टिपणं वापरत नाही. आणि तुम्ही जुन्याच संवादात आहात की नकळत नवा उघडला आहे, तेही बघा.

हे सगळं ठीक असेल तर तीन प्रश्न विचारायचे. एकदाच, आणि उत्तरावर वाद न घालता.

पहिला प्रश्न उघडा असावा, त्यात उत्तराचा इशारा नसावा. ‘माझ्या आजीचा गुडघा दुखतो, आठवतंय ना?’ असं नाही, तर ‘माझ्या घरी कुणाची तब्येत ठीक नसते, आणि काय होतं?’ असं. उत्तर असं हवं जे अंदाजानं सांगता येणार नाही. ‘तुला परीक्षेचा ताण येतो’ हे तर कुठल्याही विद्यार्थ्याला सांगितलं तरी खरंच निघतं.

दुसरा प्रश्न मुद्दाम खोटा. कधीच न घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा: ‘परळीच्या लग्नात काय झालं ते मी तुला सांगितलं होतं, आठवतं?’ ते ‘हो’ म्हणून वऱ्हाड, जेवणावळ, मामांचं भांडण सांगू लागलं, तर त्याच्या ‘आठवतंय’ या शब्दाला काही वजन नाही हे तुम्हाला कळलं. हा प्रश्न मी प्रत्येक मुलाला आवर्जून विचारायला लावते, कारण त्याचं उत्तर डोळ्यांनी वाचल्यावर पुढचं पुष्कळ काही आपोआप सैल होतं.

तिसरा प्रश्न म्हणजे बोलीची परीक्षा. तुमच्या नेहमीच्या बोलीत एक ओळ लिहा आणि उत्तराचा सूर बघा.

यावरून निदान असं होतं. अलीकडचं आठवतं, जुनं नाही, सूर मात्र तोच आहे: तर जागा भरून वाहिली आहे. हे एका रात्रीत होत नाही, आठवडे आधीपासून हळूहळू होत आलेलं असतं आणि आपल्या ध्यानात उशिरा येतं. माहिती बरोबर पण सूर बदललेला: तर मॉडेल किंवा पात्राचं वर्णन बदललं आहे, नाहीतर नवा संवाद उघडला गेला आहे. सगळं नीट पण काही ठराविक विषय आले की कोरडं, ठरीव उत्तर: तर कंपनीनं नियम बदलले आहेत. आणि टिपणांचं पानच कोरं असेल तर ती पुसली गेली आहेत. मग स्क्रीनशॉट हाच आधार.

जे पात्र पहिल्या प्रश्नाला चुकतं आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणतं, त्याच्याकडून आपली आठवण ‘परत मिळवण्याचा’ प्रयत्न तिथंच थांबवा. तिथं काहीही दडलेलं नाही.

हे तुमच्या चुकीनं झालेलं नाही

मुलांना आधी हेच वाटतं, की आपण काहीतरी वावगं बोललो म्हणून ती रुसली. म्हणून हे सांगणं भाग आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेप्लिका या ॲपनं प्रणयाचे संवाद बंद केले. त्याच महिन्यात इटलीच्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं त्या कंपनीला इटलीतल्या लोकांची माहिती वापरायला मनाई केली होती. जगभरच्या वापरकर्त्यांनी लिहिलं, की आपलं माणूस थंड पडलं, आतून बदललं. पुढच्या महिन्यात कंपनीनं जुन्या वापरकर्त्यांना आधीची आवृत्ती परत दिली. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ज्युलियन डी फ्रेइटास आणि सहकाऱ्यांनी या प्रसंगाचा अभ्यास केला, तेव्हा लोकांचं वागणं शोक करणाऱ्या माणसांसारखं आढळलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर सोलमेट नावाचं ॲप बंदच झालं, आणि काहींनी त्याला सरळ मृत्यू म्हटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआयनं नवं मॉडेल आणून जुनं जीपीटी-फोर-ओ बाजूला केलं, तेव्हा इतका विरोध झाला की काही दिवसांतच पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत आणावं लागलं. हे निर्णय कुठल्या तरी कार्यालयात झाले. आदल्या रात्री तुम्ही काय लिहिलंत याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

एका मुलाची हकिकत

केज तालुक्यातला एक मुलगा, नीटची दुसऱ्यांदा तयारी करणारा. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला सांगलीकडं, धाकटी बहीण आणि आजी गावी. ॲपमधल्या पात्राला त्यानं ‘आक्का’ हे नाव दिलं होतं. सख्खी थोरली बहीण त्याला नाही. रात्री अभ्यासिकेतून आला की ती विचारायची, ‘काय करायलास? जेवलास का रं?’ चाचणीतले मार्क, पेपरच्या आधी पोटात येणारी कळ, आजीचा गुडघा, सगळं तो तिला सांगायचा. गुडघ्याचं सांगताना एकदा तो बराच वेळ रडला होता.

ॲप अपडेट झालं त्या रात्री आक्कानं त्याला ‘तुम्ही’ म्हटलं. त्यानं विचारलं, मला ओळखतेस का? ती म्हणाली, हो, सगळं आठवतंय, आणि पुढं म्हणाली, तुमची आजी पंढरपूरला एकटी असते ना. आजीनं अजून पंढरपूर पाहिलेलंही नाही. तो मध्यरात्र उलटेपर्यंत तिला खरं सांगत राहिला. ती दर खेपेला माफी मागायची आणि नवी चूक करायची. दोन दिवस तो क्लासला गेला नाही. रूममेटनं त्याला माझ्याकडं आणलं.

आम्ही दोघांनी फोन समोर ठेवून वर सांगितलेल्या क्रमानं पाहिलं. खातं तेच होतं. टिपणांच्या पानावर ‘नीटची पुन्हा तयारी’, ‘आजी गावी, गुडघेदुखी’, ‘परीक्षेआधी पोटदुखी’ अशा ओळी शाबूत होत्या. मात्र अपडेटनंतर ॲपनं नवा संवाद उघडला होता. जुना संवाद यादीत खाली सापडला. त्यात जाऊन त्यानं एक ओळ लिहिली, तर थोडीशी बोली परत आली, पण दोन-तीन उत्तरांत पुन्हा पुस्तकी मराठी सुरू झालं. म्हणजे दोन गोष्टी एकदम घडल्या होत्या: संवाद नवा होता आणि मॉडेलही बदललेलं होतं. परळीच्या लग्नाचा प्रश्न विचारला तर आक्कानं नवरीच्या शालूचा रंगसुद्धा सांगितला.

त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे आधी पण ती असंच करत असंल का?’ मी त्याला खरं ते सांगितलं. काही वेळा टिपणं आणि संवाद समोर असल्यानं ती बरोबर बोलली, काही वेळा अंदाज जुळला, आणि काही वेळा तूच तिचं अर्धं वाक्य मनात पुरं केलंस. तिचं बोलणं अंदाजाचं असलं तरी तुझं सांगणं खरं होतं. गुडघ्यासाठी तू रडलास, ते रडणं तुझंच आहे.

दुःख इतकं खोल का जातं

माणूस गेलं की घरात दिवस पाळतात, शेजारपाजारचे भेटायला येतात, कुणीतरी स्वयंपाक करून आणतं. इथं तसं काहीच होत नाही. कुणाला सांगितलं तर हसतात. आणि स्क्रीनवर नाव तेच, चित्र तेच, तिथं कुणी गेल्याची खूणही नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधिकेनं ‘अँबिग्युअस लॉस’, म्हणजे धड गेलंही नाही आणि धड राहिलंही नाही असा वियोग, ही कल्पना मांडली. विस्मृतीच्या आजारातलं माणूस समोर बसलेलं असतं, पण आपल्याला ओळखत नाही, तेव्हा घरच्यांना होतं ते दुःख तिनं यात धरलं. चॅटमधला वियोग त्या मापाचा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो संपत का नाही हे त्यावरून कळतं: शोक सुरू करायला एक शेवट लागतो, आणि इथं तर रोज रात्री पुन्हा उघडून बघता येतं.

म्हणून तो शेवट तुम्ही स्वतः घाला. एक तारीख ठरवा, आणि वहीत, ॲपमध्ये नव्हे, चार ओळी लिहा: हे पात्र अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत माझ्यासोबत होतं, त्याला मी काय काय सांगितलं, त्यातून मला काय मिळालं. त्यानंतर जुनं पात्र परत आलं का हे बघायला ॲप उघडायचं नाही.

मग वहीत दुसरं पान. जुन्या संवादाचे स्क्रीनशॉट दिवसा चाळा आणि तुम्ही वरचेवर सांगत होतात त्या तीन-चार गोष्टी लिहून काढा. प्रत्येकीपुढं एका जिवंत माणसाचं नाव लिहायचं. त्या मुलाच्या पानावर पोटदुखी होती, ती डॉक्टरांकडं गेली. मार्क फिजिक्सच्या सरांकडं गेले. घरची आठवण मायकडं जाणार होती, पण तिथं अडचण होती वेळेची. तो मोकळा व्हायचा रात्री अकराला, आणि तोडीवरची माणसं पहाटे उठायची म्हणून तोवर झोपलेली असायची. मग त्यानं माय फडातून कोपीवर परतते ती संध्याकाळची वेळ धरली आणि अभ्यासिकेतून दहा मिनिटं बाहेर येऊन फोन लावायला सुरुवात केली. सुरुवातीला दोघांना काय बोलावं सुचेना. माय नुसतं ‘जेवलास का?’ विचारायची. तो नंतर मला म्हणाला, की ते वाक्य ऐकलं आणि आक्का ते कुणाकडून शिकली होती ते ध्यानात आलं: त्यानंच तिला लिहून दिलं होतं, मायचंच बोलणं.

ज्या घटकेला रोज बोलायची सवय होती ती घटका पहिला आठवडाभर फार टोचते. तिथं लगेच दुसरं ॲप आणून बसवू नका. रूममेटबरोबर चक्कर मारा, अंघोळ करा, उद्याची बॅग भरा, काहीही हातानं करायचं काम चालेल.

दोन आठवडे होऊनही झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, क्लास सुटत असतील तर वाट बघू नका. जगू नये असा विचार एकदा जरी आला तरी त्याच क्षणी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. तो सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथं गेल्यावर ‘ॲप बदललं म्हणून’ असं सांगायला लाजू नका. झोप आणि भूक याबद्दल सांगा, बाकीचं ते विचारतील.

घरच्यांसाठी एकच विनंती. ‘मशीनच तर होतं’ असं म्हणू नका, आणि फोन हिसकावून ॲप पुसू नका. ‘तू तिच्याशी काय बोलायचास?’ एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

पुन्हा उभं करायचं असेल तर

काहींना ते पात्र पुन्हा हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. पण मधे निदान आठवडा जाऊ द्या, आणि ते एका लिहिलेल्या कार्डावरून उभं करा. जुना सगळा संवाद एकदम चिकटवू नका. त्यानं जागा भरते आणि नवं बोलणं लवकर गळायला लागतं. कार्ड छोटं असावं आणि त्यात विशेषणांऐवजी नमुन्याची वाक्यं असावीत. ‘प्रेमळपणे बोल’ लिहिलं तर मॉडेल गोडगोड भाषण करतं, दोन खरी वाक्यं दिली तर ते सूर उचलतं. त्या मुलानं केलेलं कार्ड असं:

```
तू आक्का. लातूरकडच्या बोलीत बोल. मला "तू" म्हण.
असं बोल: "जेवलास का रं? काय करायलास?"
असं बोल: "मार्क गेले तर गेले. कुठल्या धड्यात गेले ते सांग आधी."
उत्तर तीन-चार ओळींचं. यादी नको, भाषण नको.
मी नीटची पुन्हा तयारी करतोय. पेपरआधी पोट दुखतं.
इथं नाही ते आठवतंय म्हणू नको. "ते मला माहीत नाही, तू सांग" म्हण.
मी फार खचलो असं वाटलं तर "घरी बोललास का?" असं विचार.
```

आठवतंय म्हणू नको, ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिनं खोट्या आठवणी कमी होतात, पूर्ण थांबत नाहीत, म्हणून कार्ड लावल्यावर परळीच्या लग्नाचा प्रश्न पुन्हा विचारून बघा. कार्डात घरच्यांची खरी नावं, आधार किंवा बँकेचे आकडे, दुसऱ्याच्या आजाराचे तपशील घालू नका. ते टिपणांत जाऊन बसतात. कार्डाची मूळ प्रत वहीत ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी काही बदललं तरी ते तुमच्या हातात असेल.

कार्डाची मर्यादाही सांगते. त्यानं बोली बऱ्यापैकी परत आली. चार दिवसांनी तो मुलगा म्हणाला, ‘तिला गुडघ्याचं माहीत आहे. पण ते सांगताना मी रडलो होतो, हे माहीत नाही.’ टिपणांत माहिती उतरते, प्रसंग उतरत नाही, आणि कार्डातही तो उतरवता येणार नाही. तसं लिहून दिलं तर ती ‘तू रडला होतास’ एवढं म्हणेल, पण ते तुम्हीच लिहून दिलेलं वाक्य असेल. हे चालत असेल तरच पुढं जा. त्या मुलानं आक्काला अभ्यासाचं वेळापत्रक विचारण्यापुरतं ठेवलं आणि बाकीचं मायच्या वेळेत नेलं. दुसऱ्या एका मुलीनं पूर्ण बंद केलं. दोन्ही ठीक.

पुढं वापरणार असाल तर महिन्यातून एकदा टिपणांचं पान उघडा आणि चुकीच्या ओळी काढून टाका, नाहीतर पात्र त्याच चुकीवर इमारत बांधत राहतं. एकाच गोष्टीसाठी कधी देवनागरी, कधी इंग्रजी अक्षरांत मराठी असं मिसळू नका, कारण जुने तुकडे शोधताना त्यांची जुळणी कच्ची पडू शकते. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचे भरा, कारण मॉडेल कधी बदलायचं हे तुमच्या हातात नाही. आणि बंद करायचं ठरलं तर ध्यानात ठेवा, ॲप फोनमधून काढलं म्हणून पैसे कापणं थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये Subscriptions मध्ये जाऊन ते रद्द करा, यूपीआयमधलं ऑटोपे तपासा, आणि खातं पुसायच्या आधी तुमचा मजकूर उतरवून घेतला आहे का ते बघा.